स्टोअर एक्झिक्युटिव्हच्या इंटरव्ह्यूमध्ये स्टॉक कंट्रोलवर काय विचारतात? ६८ नग कमी भरल्याची एक केस

प्रश्न: मी ३ वर्षं स्टोअर असिस्टंट आहे, आता दुसरीकडे स्टोअर एक्झिक्युटिव्हसाठी इंटरव्ह्यू आलाय. स्टॉक मोजणी, शॉर्टेज आणि रीऑर्डर यावर काय काय विचारतात आणि उत्तर कसं द्यायचं? व्याख्या पाठ आहेत पण समोर बसलं की गडबड होते.

उत्तर:

गडबड होते ती व्याख्यांमुळेच होते. समोरचा माणूस बहुतेक वेळा स्वतः स्टोअरमधूनच वर आलेला असतो नाहीतर अकाउंट्सचा असतो, त्याला सायकल काउंट म्हणजे काय हे तुमच्याकडून ऐकायचं नसतं, माल कमी भरला त्या दिवशी तुम्ही नेमकं काय केलं ते ऐकायचं असतं. मी बरीच वर्षं स्टोअर सांभाळलं आणि नंतर इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसलो, मोजणी, शॉर्टेज आणि रीऑर्डर हे तीन वेगळे प्रश्न म्हणून विचारले जातात पण चांगला उमेदवार तिन्हीत एकच धागा धरतो. म्हणून मी एकच आयटम घेतो आणि सगळे प्रश्न त्याच्यावरूनच फिरवतो, तुम्ही तुमच्याकडचा खरा आयटम घ्या.

आयटम आहे ६२०५ झेडझेड बेअरिंग. सिस्टीमला स्टॉक २४० नग, रॅकवर मोजले तर १७२. फरक ६८.

"फिजिकल काउंट कसा घेता?"

इथे बरेच जण "सिस्टीमची लिस्ट काढतो आणि मोजून टिक करतो" म्हणतात आणि तिथेच एक मार्क जातो. शीटवर २४० छापलेलं असेल तर मोजणाऱ्याला २३८ मिळाले तरी तो २४० लिहून मोकळा होतो, मुद्दाम नाही, पण "दोन कुठेतरी मागे असतील" असं वाटतंच. म्हणून शीटवर आयटम कोड, वर्णन, लोकेशन आणि युनिट एवढंच हवं, सिस्टीमचा आकडा नको. याला ब्लाइंड काउंट म्हणतात.

दुसरं म्हणजे कट-ऑफ. मोजणी सुरू करायच्या आधी शेवटचा जीआरएन नंबर कुठला आणि शेवटची इश्यू स्लिप कुठली हे लिहून ठेवायचं, आणि त्या नंबरपर्यंतचं सगळं सिस्टीमला पोस्ट झालंय का ते बघायचं. हे न करता मोजलं तर जो फरक निघतो त्यातला अर्धा फरक मालाचा नसतोच, कागदाचा असतो.

उत्तर असं द्या: "सर, मोजणीआधी मी इनवर्ड आणि इश्यू थांबवतो, ते जमत नसेल तर निदान त्या रॅकपुरतं तरी थांबवतो, शेवटचे जीआरएन आणि स्लिप नंबर नोंदवतो. पेंडिंग एंट्री क्लिअर करून घेतो. मग दोघांची जोडी, एक मोजतो एक लिहितो, शीटवर सिस्टीम क्वांटिटी नसते. रोज इश्यू करणारा माणूस स्वतःचाच रॅक मोजत नाही. फरक आला तर दुसऱ्या जोडीकडून रिकाउंट, आणि रिकाउंट होईपर्यंत सिस्टीममध्ये काही बदलत नाही."

पुढचा उपप्रश्न ठरलेला असतो, इनवर्ड बंद करता येत नसेल तर? "मोजणी चालू असताना आलेला माल रिसीव्हिंग एरियातच वेगळा टॅग लावून ठेवतो, रॅकवर चढवत नाही, आणि तातडीचा इश्यू गेलाच तर स्लिपवर 'मोजणीआधी' की 'मोजणीनंतर' ते लिहितो." एवढं बास. आणि रिजेक्शनचा माल, क्यूसी होल्डवरचा माल आणि जॉबवर्कला बाहेर गेलेला माल, हे तीन ढीग वेगळे मोजता असं स्वतःहून सांगा, कारण सिस्टीमला दिसतो पण रॅकवर नाही अशा मालाचा मोठा वाटा या तिघांतच असतो.

बोल्ट, वॉशरसारखे आयटम कसे मोजता असंही विचारतात. काट्यावर मोजतो म्हणायचं, पण १० नगांवरून एका नगाचं वजन काढू नका, सॅम्पल १०० नगांचं घ्या, नाहीतर काट्याची बारीकशी चूक पुढे हजारो नगांवर पसरते. शिवाय रिकाम्या क्रेटचं वजन वजा केलं का हे बघायचं. हसू नका, क्रेटसकट वजन लावून माल जास्त दाखवलेला मी पाहिलाय.

"सायकल काउंट करता का, की वर्षातून एकदाच?"

याचं उत्तर छोटं ठेवा. वर्षाच्या मोजणीत ६८ चा फरक निघाला तर तो वर्षभरात कधी पडला ते शोधणं जवळजवळ अशक्य असतं, महिन्याच्या मोजणीत निघाला तर फक्त महिनाभराच्या स्लिपा चाळायच्या. म्हणून ए क्लासचे आयटम महिन्याला, बी तिमाहीला, सी सहा महिन्यांनी किंवा वर्षाला, साधारण असं लोक ठेवतात. फक्त एक गोष्ट जोडा, एबीसी हे वर्षभराच्या वापराच्या किमतीवर ठरतं, म्हणून एखादं स्वस्त ऑइल सील सी मध्ये बसतं पण ते नसेल तर मशीन उभं राहतं. असे आयटम मी किमतीकडे न बघता महिन्याच्या यादीत घालतो, हे सांगितलंत की समोरच्याला कळतं की तुम्ही रॅकसमोर उभे राहिलेले आहात.

"६८ नग कमी भरले. आता काय कराल?"

हा खरा प्रश्न. यावर लोक दोन टोकांना जातात, एक म्हणतो "चोरी झाली असेल, सिक्युरिटीला कळवतो" आणि दुसरा म्हणतो "स्टॉक अॅडजस्टमेंट टाकून मॅच करतो". दोन्ही चुकीचं, दुसरं जास्त चुकीचं, कारण अॅडजस्टमेंट टाकली की फरक दिसायचा बंद होतो आणि कारण तसंच राहतं, पुढच्या महिन्यात तोच खड्डा परत.

पद्धत अशी सांगा. आधी रिकाउंट, आजूबाजूच्या बिनसकट, वरच्या रॅकवर फुटलेला बॉक्स राहिलाय का तेही. आकडा १७२ वरच पक्का झाला की मागची मोजणी शोधायची जिथे फिजिकल आणि सिस्टीम जुळलं होतं. आपल्या केसमध्ये त्या मोजणीला ३१० नग जुळले होते. त्यानंतर सिस्टीममध्ये ५०० आले आणि ५७० गेले. ३१० अधिक ५०० वजा ५७०, म्हणजे २४०. हिशोब बरोबर आहे, म्हणजे चूक बेरजेत नाही, जे लिहिलं ते आणि जे घडलं ते यात आहे. आता एकेक कागद घ्यायचा.

इश्यूची बाजू पहिली, कारण तिथे सापडायची शक्यता जास्त. स्लिप बुकचे नंबर ओळीने लावले तर मधली एक स्लिप सिस्टीममध्ये नाहीच. नाइट शिफ्टला ब्रेकडाउन झालं, ४० नग गेले, सुपरवायझरची सही आहे, स्लिप ड्रॉवरमध्ये राहिली. ६८ मधले ४० गेले, राहिले २८.

मग इनवर्ड. ५०० चा जीआरएन सप्लायरच्या चलनावरून केलाय, २५ बॉक्स, प्रत्येकात २० नग. पण गेटच्या इनवर्ड रजिस्टरला २४ बॉक्स लिहिलेत. म्हणजे एक बॉक्स आलाच नव्हता आणि आपल्या माणसाने बॉक्स न मोजता चलनाचा आकडा टाकला. २० गेले, राहिले ८.

मग सारखे दिसणारे आयटम. ६२०५ झेडझेड आणि ६२०५ टूआरएस, दोन्हींचं माप एकच, २५ बाय ५२ बाय १५ मिमी, फरक फक्त बाजूच्या झाकणाचा, एकाला पत्र्याची शील्ड आणि दुसऱ्याला रबर सील. टूआरएस मोजलं तर ते सिस्टीमपेक्षा ६ जास्त निघालं. म्हणजे स्लिप टूआरएसची होती आणि हातात झेडझेड दिलं गेलं. एक कमी आणि शेजारचा तेवढाच जास्त, हे दिसलं की समजायचं इश्यूला अदलाबदल झालीये. (आणि लगेच मेंटेनन्सला फोन करून सांगायचं की ते कुठे बसवलंय ते बघा, जिथे धूळ पाणी उडतं तिथे शील्डवालं बसवलं असेल तर ते लवकर जाणार, स्टोअरचा आकडा सुधारून विषय संपत नाही.)

राहिले २. ते सापडले नाहीत. आणि हे इंटरव्ह्यूत तसंच सांगायचं, "सर, ६८ पैकी ६६ चं कारण सापडलं, २ चं नाही." सगळंच्या सगळं सापडलं म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

यानंतरचं उत्तर लोक विसरतात ते म्हणजे प्रत्येक कारणाची दुरुस्ती वेगळी आहे. ४० ची स्लिप पोस्ट करायची, ती इश्यूच आहे, शॉर्टेज नाही, खर्च त्या डिपार्टमेंटलाच पडायला हवा. २० साठी जीआरएन दुरुस्त करायचा आणि परचेसला लेखी कळवायचं म्हणजे सप्लायरवर शॉर्ट सप्लायचा क्लेम करता येईल, उशिरा कळवलं तर सप्लायर ऐकत नाही आणि त्यात त्याची चूक नाही, म्हणूनच बॉक्स गेटवर मोजायचे असतात. ६ साठी एका कोडमधून दुसऱ्यात बदल, दोन्ही बाजूंनी. उरलेल्या २ चीच फक्त अॅडजस्टमेंट, तीही कारण लिहून आणि ज्याला अधिकार आहे त्याची सही घेऊन, स्वतःच्या लॉगिनने गुपचूप नाही. ६८ ची अॅडजस्टमेंट टाकणारा आणि २ ची टाकणारा यात किती फरक आहे ते समोरच्याला बरोबर कळतं.

आणि परत होऊ नये म्हणून काय केलं हे विचारतीलच. मोठ्या गोष्टी सांगू नका. सकाळी आल्या आल्या स्लिप बुकचे नंबर सिस्टीमशी लावून बघायचे, गॅप दिसला की ती स्लिप तेव्हाच शोधायची. जीआरएन मोजलेल्या आकड्यावर, चलनाचा आकडा शेजारी वेगळ्या रकान्यात. सारखे दिसणारे दोन आयटम शेजारच्या बिनमध्ये नाहीत, मध्ये दुसरं काहीतरी. झालं.

"रात्री मशीन बंद आहे, सुपरवायझर म्हणतो स्लिप नंतर देतो, माल द्याल का?"

वरच्या ४० वरूनच येणारा प्रश्न आहे. "नाही देणार, नियम म्हणजे नियम" म्हणालात तर प्रॉडक्शनवाला पॅनेलवर बसला असेल तर गेलात. "देतो आणि नंतर बघतो" म्हणालात तर अकाउंट्सवाला कपाळाला हात लावेल. उत्तर असं: "माल देईन, पण स्टोअरमध्येच ठेवलेल्या इमर्जन्सी स्लिपवर आयटम, नग, मशीन नंबर लिहून सही घेऊन देईन. अप्रूव्हल सकाळी, पण कागद मालासोबतच निघेल. आणि सकाळी हँडओव्हरमध्ये किती इमर्जन्सी स्लिपा गेल्या तो आकडा असेल."

"रीऑर्डर लेव्हल कशी ठरवता?"

फॉर्म्युला सगळे सांगतात, लीड टाइममधला वापर अधिक सेफ्टी स्टॉक. आपल्या बेअरिंगचा वापर दिवसाला सरासरी १२, माल यायला सरासरी १० दिवस, म्हणजे १२०. सप्लायर जास्तीत जास्त १५ दिवस लावतो, म्हणजे ५ दिवसांचा उशीर धरून ६० सेफ्टी. रीऑर्डर लेव्हल १८०.

आता इथे थांबू नका, तीच मोजणीची केस इथे आणा. सिस्टीमला २४० दिसतायत म्हणजे १८० ला यायला अजून ६० आहेत, ५ दिवसांनी ऑर्डर जाईल. पण रॅकवर खरे १७२ आहेत, म्हणजे आजच लेव्हलच्या खाली गेलोय आणि कुणाला पत्ता नाही. ५ दिवसांनी सिस्टीम ऑर्डर सुचवेल तेव्हा रॅकवर ११२ असतील, १० दिवसांत १२० लागणार, म्हणजे सप्लायरने एक दिवसही उशीर न करता माल दिला तरी शेवटच्या दिवशी ८ कमी पडणार. ६० चा सेफ्टी स्टॉक ६८ च्या फरकाने पूर्ण खाल्ला, आणि बोल लागणार सप्लायरला. हे असं उलगडून सांगितलं की मोजणी आणि शॉर्टेजचे प्रश्नसुद्धा परत विचारत नाहीत, माझ्या अनुभवात तरी.

यावर उपप्रश्न येतात. एक, लेव्हल कुठल्या आकड्याशी लावता? फक्त रॅकवरच्या स्टॉकशी नाही. हातातला स्टॉक, अधिक ऑर्डर दिलेला पण न आलेला, वजा कुणासाठी राखून ठेवलेला. ऑर्डर गेलीये हे न धरता रॅक बघून परत इंडेंट टाकला की दुप्पट माल येऊन पडतो, आणि राखीव वजा केला नाही की दिसतो पण देता येत नाही. फक्त जुन्या पीओ तपासा, तीन महिन्यांपूर्वी सप्लायरने अर्धा माल देऊन सोडलेली पीओ सिस्टीममध्ये उघडीच असते आणि तो माल "येतोय" म्हणून सिस्टीम नवीन ऑर्डर सुचवतच नाही. स्टॉकआउट झाला की मी आधी हेच बघतो.

दोन, वापर वाढला तर? ५ दिवसांच्या उशिरावर काढलेला ६० चा आकडा फक्त उशीर सांभाळतो, वापर १२ चा १८ झाला तर तो सांभाळत नाही. काही ठिकाणी जास्तीत जास्त वापर गुणिले जास्तीत जास्त लीड टाइम असं घेतात, इथे १८ गुणिले १५, म्हणजे २७०. सुरक्षित आहे पण दोन्ही वाईट गोष्टी एकदमच होतील असं धरून चालल्यासारखं आहे, माल पडून राहतो. माझं मत, मशीन उभं करणाऱ्या आयटमला २७० चालेल, बाकीच्यांना नाही. आणि लेव्हल दर तिमाहीला परत काढतो हे सांगा, कारण कुणीतरी कधीकाळी टाकलेली लेव्हल वर्षानुवर्षं तशीच असते, मशीन बंद झालं तरी त्याचे स्पेअर येत राहतात.

तीन, किती मागवायचं? इओक्यूचा फॉर्म्युला माहीत असू द्या पण त्यावर रेटून बोलू नका. प्रत्यक्षात सप्लायरची किमान ऑर्डर, बॉक्सची पटी (आपल्याकडे २०) आणि रॅकवरची जागा यावरच आकडा ठरतो, शेल्फ लाइफ असलेला माल असेल, जसं ग्रीस, अॅडहेसिव्ह, तर त्यावर.

"तुमची स्टॉक अॅक्युरसी किती होती?"

९९.९ टक्के म्हणू नका. समोरचा लगेच विचारेल की कशी काढली, आणि गाडी तिथेच अडकेल. किमतीवर काढली तर कमी आणि जास्त एकमेकांत जिरतात, आपल्या झेडझेडचे ६ कमी आणि टूआरएसचे ६ जास्त, किंमत साधारण सारखी, फरक शून्य दिसेल. आयटमवर काढली, म्हणजे १०० आयटम मोजले आणि किती आयटम ठरलेल्या टॉलरन्समध्ये बरोबर निघाले, तर ते दोन्ही चूकच दिसतील. "मी आयटमवर काढतो, कमी आणि जास्त एकमेकांत वजा करत नाही" एवढं म्हणा आणि मग जो खरा आकडा असेल तो, ९४ असेल तर ९४. सोबत पहिल्या महिन्यात किती होता ते.

तुम्ही आत्ता असिस्टंट आहात म्हणून "मी सिस्टीम बदलली", "मी लेव्हल ठरवल्या" असलं बोलू नका, अधिकार तुमच्याकडे नव्हता हे त्यांना माहीत असतं. "फरक मी शोधला, कारणं लिहून साहेबांकडे दिली, अॅडजस्टमेंट त्यांनी अप्रूव्ह केली" हे जास्त वजनदार वाटतं. जायच्या आधी तुमच्या स्टोअरमधला एक खरा फरक निवडा, त्याचे ओपनिंग, आवक, जावक, फिजिकल हे चार आकडे कागदावर लिहून बेरीज जुळते का बघा. आकडा इंटरव्ह्यूत चुकला तर ते तिथल्या तिथे पेन काढून जुळवून बघतात, मी तरी बघायचो.